कंपनीतल्या मुलीशी चॅटिंग वाढलंय, पुढं जावं का?

कडक_भाकरी
नमस्कार मंडळी. असल्या विषयावर पहिल्यांदाच धागा काढतोय. खेचायची तेवढी खेचा, पण शेवटी कामाचं काहीतरी सांगा.

मी 29 वर्षांचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या एका कारखान्यात एक्स्पोर्टची कागदपत्रं बघतो. स्टाफ आणि कामगार मिळून दीडशेच्या आसपास माणसं. आठ महिन्यांपूर्वी सॅम्पलिंगला एक मुलगी लागली, वय 27. शेड जुळवणं, जीएसएम तपासणं, बायरला सॅम्पल पाठवणं हे तिचं काम. माझं काम पॅकिंग लिस्ट आणि इन्व्हॉइस. कंटेनर लागायचा असला की कार्टनचे आकडे तिच्याकडून येतात, म्हणून रोजचं बोलणं. ती माझ्या हाताखाली नाही, हे आधीच सांगतो.

हळूहळू बोलणं ग्रुपवरून खासगी मेसेजवर आलं. परवाचा नमुना जसाच्या तसा देतो.

मी, रात्री 11.20: आज तू लॅबमध्ये नव्हतीस, लाईट गेल्यासारखं वाटलं
ती: हाहाहा, तुम्ही पण ना सर
मी: सर काय, नाव घे की
ती: (नुसता हसरा चेहरा)
ती: चला झोपते, उद्या इन्स्पेक्शन आहे

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं स्वतःहून डब्यातली शेंगा चटणी दिली. म्हणजे राग नाही, एवढं नक्की. मला ती आवडते, टाइमपास नाही. प्रश्न असा की तिकडूनही काही आहे का, आणि असेल तर आता थोडं मोकळं लिहायला हरकत आहे का?

बाळीवेशीचा_बंड्या
चटणी दिली ना बे? संपला विषय. सोलापुरात पोरगी डब्यातली शेंगा चटणी उगाच कुणाला देत नसती.

आता सिरियस. ती हसली, तिनं उत्तर दिलं, ब्लॉक केलं नाही. नको असतं तर पहिल्याच मेसेजला गप बसली असती. आणि तू तिचा बॉस नाहीस, म्हणजे ते कंपनीतले कायदे-बियदे तुला लागूच होत नाहीत. बॉसनं केलं तरच ती केस होते. बिनधास्त लिही.

नलूमावशी
बाळ, मुलगी चांगली वाटते. पण एवढे मेसेज कशाला? घरचे कोण आहेत, कुठले आहेत ते विचार, आईला सांग. आमच्या वेळी मध्यस्थामार्फत निरोप जायचा आणि महिन्याभरात हो का नाही ते कळायचं. तुझी पत्रिका आहे का? रास कोणती?

कडक_भाकरी
मावशी, अजून चहासुद्धा झाला नाही. पत्रिका कुठं काढता!

होटगी_रोड
मी गेली काही वर्षं दोन-तीन कारखान्यांत लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीवर बाहेरची सदस्य म्हणून बसते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी बंड्याचं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा फक्त बॉसला लागू होतो हा समज मी दर दुसऱ्या कार्यशाळेत ऐकते. कायद्यात मुख्य शब्द 'नकोसं' हा आहे. बरोबरीच्या माणसानं केलेलं, हाताखालच्यानं केलेलं, कारखान्यात आलेल्या ट्रान्सपोर्टवाल्यानं केलेलं, सगळं त्यात येतं. कंपनीची बससुद्धा कामाचीच जागा धरली जाते. आणि मेसेज रात्री घरून गेला म्हणून तो वेगळा ठरत नाही. ओळख कामाची आहे, उद्या सकाळी तोंड त्याच लॅबमध्ये बघायचंय. पण उलटंही खरं आहे. दोन सज्ञान माणसांनी कामाच्या ठिकाणी एकमेकांना आवडून घेऊ नये असं हा कायदा कुठंही म्हणत नाही.

आता भाकरीचं. तू मेसेज दिलेस ते बरं केलंस. ते पुन्हा एकदा वाच. तू 'तू' म्हणतोस, ती 'तुम्ही' म्हणते. तू 'नाव घे' म्हणालास, त्याला तिनं शब्दानं उत्तर दिलं नाही, चेहरा टाकला आणि पुढच्या ओळीत झोपायला गेली. मराठीत अहो-जाहोवरून अरे-तुरेवर येणं हा एक उंबरा असतो. तू एकट्यानंच तो ओलांडलास आणि ती आत आली असं धरून बसलास.

ती नाराज आहे असं मी म्हणत नाही. या पाच ओळींवरून काहीच कळत नाही, एवढंच म्हणते. तीन गोष्टी सांग. कामाचं सोडून बोलणं बहुतेक वेळा कोण सुरू करतं? तिनं तुला तिच्याकडून, काम नसताना, काही विचारलंय का? आणि तिच्या नोकरीतलं काहीही, अगदी बारीकसुद्धा, तुझ्या हातात आहे का? तिसऱ्याचं उत्तर लगेच 'नाही' देऊ नकोस, विचार करून दे.

बाळीवेशीचा_बंड्या
ताई, एमआयडीसीत सगळेच सगळ्यांना सर म्हणतात की ओ. आमच्याकडं तर चहावाल्या पोऱ्यालासुद्धा 'सर, दोन कटिंग'. त्यावरून काय काढायचं?

होटगी_रोड
बरोबर आहे, नुसत्या 'सर'वरून काही काढायचं नाही. ती पहिल्यापासून सगळ्यांनाच सर म्हणत असेल तर तो तिचा रिवाज झाला. बघायचं ते बदलाकडे. आधी नावानं बोलणारी मुलगी एका मेसेजनंतर 'सर' किंवा 'दादा' म्हणायला लागली, तर ते दार हळूच लोटून घेणं असतं. इथं ती आधी काय म्हणायची ते भाकरीनं लिहिलेलंच नाही.

कडक_भाकरी
ती पहिल्यापासून सरच म्हणते, सगळ्यांना. तेवढं सुटलो.

पण ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नासाठी मी बसून महिन्याभराचं चॅट वर सरकवलं आणि वहीत रेघा मारल्या. कामाचं सोडून 22 वेळा बोलणं सुरू झालंय. त्यात 18 वेळा मी. तिच्या चारपैकी एक संक्रांतीचा फॉरवर्ड, तो तिनं अख्ख्या स्टाफला पाठवला असणार. एकदा विचारलं, गड्ड्याच्या जत्रेला गाडी कुठं लावता. एकदा विचारलं, तुम्ही सांगितलेलं ते हुरड्याचं शेत कुठं आहे, मैत्रिणींना घेऊन जायचंय. आणि एकदा, हे मी विसरूनच गेलो होतो, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या संध्याकाळी तिनं आपणहून विचारलं, 'पट्टी काढली का? घरी जेवणाचं कोण बघतंय?' त्यावर आम्ही अर्धा तास बोललो होतो.

18 हा आकडा बघून जरा गारच पडलो. माझ्या डोक्यात निम्मं निम्मं होतं.

तिसरा प्रश्न. रविवारी कंटेनर लागला तर कुणाला बोलवायचं ती यादी मी करतो. आणि तिचं प्रोबेशन वर्षाचं आहे, ते चार महिन्यांनी संपेल. कन्फर्मेशनच्या फॉर्मवर आमच्या विभागाच्या शेऱ्याचा एक रकाना असतो. मागच्या दोघांचा मीच भरला होता. एका ओळीचा असतो हो, 'सहकार्य चांगले'. त्याला कुणी विचारत नाही.

रात्रपाळी
भाऊ, तुम्हाला तो रकाना एका ओळीचा वाटतो. तिला तो तसा वाटत नसणार.

माझं सांगते, जागेचं नाव नको. सहा माणसं कामाला होती. तिथले एक वरिष्ठ मला रोज रात्री मेसेज करायचे. घाण काही नाही, हे आधी सांगते. 'जेवलीस का', 'आज थकलेली दिसलीस', 'तुझ्या हातचा चहा वेगळाच'. माझी पाळी तेच लावायचे. चार महिने मी प्रत्येक मेसेजला हसरा चेहरा पाठवला. मेसेज वाचायचा, चेहरा टाकायचा, फोन गादीवर पालथा ठेवायचा आणि मग पोटात गोळा. दुसऱ्या दिवशी डबा खाताना त्यांना भाजीसुद्धा दिली आहे मी. सगळ्यांना दिली तशी. त्यांना एकट्यांना वगळलं असतं तर तेच दिसलं असतं ना?

तो हसरा चेहरा म्हणजे दार लावताना करकर होऊ नये म्हणून बिजागरीत घातलेलं तेल होतं. त्यांना वाटलं दार उघडतंय.

तुमची मैत्रीण तशीच घाबरलेली आहे असं नाही. आईचं विचारलं ते मला खरं वाटलं. पण चटणी मोजू नका.

बाळीवेशीचा_बंड्या
हे वाचून चटणीचं मागं घेतो. सॉरी ताई.

पण मग पोरानं करायचं काय? काही विचारायचंच नाही? असं असेल तर कारखान्यात कुणाचं जमणारच नाही.

पासबुक
जमतं की. माझं जमलं. मी आणि माझी बायको एकाच बँकेत, शेजारच्या काउंटरला. मी कधी मेसेजच केला नाही, तेव्हा स्मार्टफोन नव्हते म्हणा. कॅश टॅली झाल्यावर सरळ विचारलं, रविवारी सिद्धेश्वर मंदिरात येतेस का? ती म्हणाली, 'मी दर रविवारी जातेच, तुम्ही या.' आज 17 वर्षं झाली.

तेव्हा माझं मत, मेसेज बंद कर, समोर जाऊन विचार. माणसाच्या तोंडावर सगळं कळतं.

होटगी_रोड
पासबुक, तुमचं छान झालं. पण तुम्ही दोघं शेजारच्या काउंटरला होता, तिची रजा तुमच्याकडे नव्हती. आणि तिनं दिलेलं उत्तर बघा, 'मी जातेच, तुम्ही या.' म्हणजे तुम्ही आला नसता, किंवा तिला बोलायचं नसतं, तरी तिची रविवारची फेरी मोडली नसती. तिच्यासाठी मागं फिरायची वाट मोकळी होती. भाकरीनं आत्ता विचारलं तर ती वाट मोकळी आहे का, एवढंच मी बघतेय.

आमच्यापुढं येणाऱ्या तक्रारींत बरेचदा माणूस खोटं बोलत नसतो. 'मॅडम, ती छान बोलायची, मला वाटलं तिलाही आवडतं' हे तो मनापासून सांगतो. चूक कुठं झालेली असते? ती उत्तर देते का, एवढंच त्यानं मोजलेलं असतं. उत्तर न देणं तिला परवडणारं होतं का, हे त्यानं कधी तपासलेलं नसतं. रविवारची यादी आणि तो रकाना तुझ्या हातात असेपर्यंत तिच्या हसण्याचा अर्थ तुलाही लागणार नाही आणि आम्हालाही नाही.

म्हणून आधी ते हातातून काढ. मोकळं लिहायचं की नाही तो विषय त्यानंतरचा. रविवारची यादी पाळीपाळीनं लावायची पद्धत करून टाक, म्हणजे तुझ्या मर्जीवर काही राहणार नाही. रकाना मॅनेजरनं भरावा असं त्यांना सांग. आणि रात्री अकराचे मेसेज आजपासून बंद.

काळा_कोट
कोर्टात ज्युनियर आहे, दोनच गोष्टी जोडतो.

समितीकडे तक्रार द्यायची मुदत घटनेपासून तीन महिने. अनेक घटना असतील तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने. कारण पटलं तर समिती ते लेखी नोंदवून आणखी तीन महिने वाढवू शकते. तेव्हा 'जुनं झालं, आता काय होतंय' असं कुणी धरून चालू नये. दुसरं, एखादीनं स्पष्ट नकार दिल्यावरही वारंवार संपर्क करत राहिलं, तर ते कंपनीपुरतं राहत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 78 आहे, पाठलागाचं. पहिल्या वेळी शिक्षा तीन वर्षांपर्यंत होऊ शकते.

रात्रपाळी ताईंसाठी: दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती नसते, तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तक्रार मालकाविरुद्धच असेल तरी तिकडेच.

रात्रपाळी
धन्यवाद, पण मी ती नोकरी कधीच सोडली. तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं.

कडक_भाकरी
रविवारचं सोपं आहे, तक्ता करून बोर्डावर लावतो. रकान्याचं अडतंय. मॅनेजरना काय कारण सांगू? 'मला ती आवडते' म्हणालो तर दुपारपर्यंत ते पॅकिंगपर्यंत पोचेल, आणि तिला तर अजून पत्ताच नाही.

पासबुक
खरं सांगून टाक. आमच्या बँकेत मी मॅनेजरला आधी सांगितलं होतं. लपवलं की संशय येतो.

होटगी_रोड
इथं मी पासबुकांशी सहमत नाही. तुझ्या मनातलं अजून तिलाच माहीत नाही, ते मॅनेजरला आधी कळणं म्हणजे तिचं नाव तिला न विचारता पेठेत काढणं. 'आमचं दोघांचं काम एकमेकांत अडकलेलं असतं, आकड्यांवरून वादही होतात, तेव्हा शेरा तुम्हीच द्यावा हे बरं' एवढं पुरे आहे, आणि ते खोटंही नाही. पुढे खरंच काही जुळलं, तर मग दोघांनी ठरवून कंपनीला सांगावं. काही कंपन्यांच्या नियमात ते सांगणं सक्तीचं असतं, नेमणुकीच्या कागदांत बघ.

काळा_कोट
मला हे अर्धवट वाटतं. उद्या काही झालं तर 'याच्या मनात होतं, पण यानं कारण दुसरंच दिलं' असंही निघू शकतं. मी असतो तर निदान लेखी दिलं असतं, की व्यक्तिगत कारणानं शेरा देऊ इच्छित नाही. कुणाचं नाव न घेता.

होटगी_रोड
'व्यक्तिगत कारण' असं लेखी दिलं आणि फॉर्म एकाच मुलीचा, तर नाव घ्यायला उरलं काय? पण तुमचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. यावर माझ्या समितीतही दोन मतं आहेत.

कडक_भाकरी
ताईंचंच ऐकतो. आता पुढचं. हे मी लिहून ठेवलंय, बघा:

'हाय, बरेच दिवस सांगीन म्हणतोय. तू आल्यापासून कंपनीत यावंसं वाटतं. तू हसलीस की दिवस चांगला जातो. मला माहितीये तुझ्याही मनात काहीतरी आहे. राग आला तर सॉरी, पण प्लीज मैत्री तोडू नकोस. उत्तर दे, मी जागा आहे.'

बाळीवेशीचा_बंड्या
हे वाचून मीच घाबरलो बे. 'मी जागा आहे' म्हणे. भूत आहेस का?

रात्रपाळी
मी सांगते वाचताना काय काय होईल. 'तुझ्याही मनात' इथं ती थबकेल, कारण तिच्या मनातलं तुम्हीच ठरवून मोकळे झालात. आता तिला 'नाही' म्हणायचं असेल तर आधी तुम्हाला खोटं पाडावं लागेल. 'मैत्री तोडू नकोस' म्हणजे नकार द्यायचा आणि वर तुमची समजूतही तिनंच काढायची. आणि 'मी जागा आहे' म्हणजे झोपायच्या आधी उत्तर देणं आलं. अख्ख्या मेसेजमध्ये प्रश्न एकही नाही. ती उत्तर कशाला देणार?

होटगी_रोड
रात्रपाळीनं माझं काम केलं. मी एवढंच म्हणेन की कौतुक करायचंच तर तिनं केलेल्या गोष्टीचं कर, तिच्या दिसण्याचं, कपड्यांचं, हसण्याचं नको. 'परवा शेडचा घोळ तू पकडलास म्हणून कंटेनर वाचला' हे ती घरात कुणालाही दाखवू शकते. 'तू हसलीस की दिवस चांगला जातो' हे दाखवता येईल का? तुला स्वतःला तो मेसेज तुझ्या मॅनेजरच्या टेबलावर उघडा पडलेला चालेल का, ते बघ. 'ऑनलाइन दिसतेस', 'निळी टिक आली, उत्तर नाही', असलं कधीच नको. आणि पाठवून डिलीट करायची सवय असेल तर ती सोड. समोरच्याला फक्त 'मेसेज डिलीट केला' एवढंच दिसतं, आणि आधी काय लिहिलं होतं या विचारानं ती रात्रभर जागते.

आता विचारायचं ते एकच, छोटं आणि ठरावीक. 'तुला मी आवडतो का' हा प्रश्न फार मोठा आहे. चहा हा प्रश्न बरोब्बर मापाचा आहे. आणि 'तुम्ही' म्हण.

कडक_भाकरी
असं चालेल?

'एक विचारायचं होतं, कामाचं नाही. शनिवारी सुटल्यावर चहाला भेटायला आवडेल का? जागा तुम्ही सांगा. नको असेल तर नुसतं नको म्हणा, किंवा उत्तर नाही दिलं तरी मी समजेन. पुन्हा विचारणार नाही, आणि कामात काही फरक पडणार नाही.'

पासबुक
कोरडं आहे, कर्जाच्या अर्जासारखं. समोर बोल.

रात्रपाळी
मला तर हे वाचून बरं वाटलं. समोर विचारलं तर चेहरा सांभाळायला लागतो, आणि लॅबमधून पळून जायचं कुठं? लिहिलेलं असलं की मैत्रिणीला दाखवून, रात्रभर विचार करून उत्तर देता येतं. पण हे माझं झालं, सगळ्यांना तसं वाटेल असं नाही.

होटगी_रोड
मेसेज ठीक आहे. जागा तिच्यावर सोडलीस हे महत्त्वाचं. आपलं गाव केवढं ते माहितीये ना? सात रस्त्यावर दोघं चहा प्यायला थांबले तर चहा निवायच्या आत घरी फोन जातो, आणि तो फोन तुझ्या घरी जात नाही, तिच्या घरी जातो. 'मी घरी सोडतो' असं पुढं जोडू नकोस, तिची गाडी तिला असू दे. संध्याकाळी सातच्या आसपास पाठव, कंपनीच्या बसमध्ये असताना नको, शेजारची डोकावते.

आणि उत्तर कसं वाचायचं ते आत्ताच ठरव. मराठी मुलगी तोंडावर 'नाही' फार कमी वेळा म्हणते. 'बघू की', 'या आठवड्यात जरा गडबड आहे', 'सगळेच जाऊया ना एकदा', ही सगळी नाहीची रूपं आहेत असंच धर. खरंच गडबड असेल आणि यायचं असेल तर दुसरा दिवस ती स्वतः सुचवेल. ते तिच्याकडून आलं पाहिजे, तू आठवण करून द्यायची नाही. नकार आला तर 'बरं, सांगितलंत ते चांगलं केलंत' एवढंच, आणि दुसऱ्या दिवशी कार्टनचे आकडे नेहमीसारखेच मागायचे. नकारानंतर तोंड पाडून बसणं, कामाचे मेसेज तुटक करणं, हेही तिला छळल्यासारखंच लागतं.

बाळीवेशीचा_बंड्या
'सगळेच जाऊया' म्हणजे नाही?? ताई, मी चार वेळा सगळ्यांना घेऊन गेलो. बिलं मी भरली.

नलूमावशी
बाळा, शनिवारी भेटणार असशील तर पांढरा शर्ट घाल. आणि रास अजून सांगितली नाहीस.

कडक_भाकरी
मंडळी, तीन आठवडे गायब होतो, हिशोब देतो.

रविवारचा तक्ता बोर्डावर लागला. पॅकिंगची पोरं खूश, त्यांनाच जास्त बोलावलं जायचं म्हणे, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. रकान्याचं मॅनेजरना ताईंच्या शब्दांत सांगितलं. ते म्हणाले, 'बरं, माझ्याकडे पाठव', आणि फोन उचलला. मी आठवडाभर मनात उजळणी केलेली वाया गेली.

रात्रीचे मेसेज बंद केले. पहिले पाच दिवस कामाचं सोडून काहीच बोलणं झालं नाही, तेव्हा वाटलं संपलं सगळं. सहाव्या दिवशी तिचा मेसेज, 'आईंचा चष्म्याचा नंबर मिळाला का?' त्यानंतर दोन दिवसांनी, संध्याकाळी सात वाजता, मी तो कर्जाचा अर्ज पाठवला.

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. जसंच्या तसं देत नाही, ते तिचं आहे. मथितार्थ असा: चहाला येईन, पण बरोबर मैत्रीण असेल. गावात नको. आणि रात्री मेसेज करू नका, आमच्या घरात फोन सगळ्यांच्या हातात असतो, मागचे दोन-तीन वाचून भावानं विचारलं होतं हे कोण.

तो लाईट गेल्याचा मेसेज तिच्या भावानं वाचला होता. मी इकडं चटणीचे अर्थ लावत बसलो होतो आणि तिकडं तिला घरी उत्तरं द्यावी लागत होती.

हिप्परग्याला तळ्याच्या बाजूला चहा झाला. मैत्रीण शेवटपर्यंत बसली, आणि निम्मा वेळ तीच बोलली. हो का नाही ते मला अजून माहीत नाही.

रात्रपाळी
मैत्रीण तुम्हाला बघायला आली होती. बडबड करून निघाली असेल तर पास झालात.

पासबुक
पुढच्या वेळी मैत्रिणीचाही चहा तूच पाज.

होटगी_रोड
चहाला हो म्हणाली ते चहापुरतंच आहे. पुढचं पाऊल तिनं टाकू दे.

आणि एक माझं काम कर. तुमच्या नोटीस बोर्डावर अंतर्गत समितीची नावं लावलेली असतात, ती वाचून सांग. मला कुतूहल आहे.

कडक_भाकरी
वाचली. 2019 सालची नावं आहेत. चारपैकी दोघी नोकरी सोडून गेल्यात, त्यातल्या एक अध्यक्ष होत्या. कागदावर टॉवेलच्या धाग्याचा धुरळा बसलाय, पुसून वाचावं लागलं.

होटगी_रोड
वाटलंच. सदस्याची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची असते. म्हणजे आज तुमच्याकडे कुणाला तक्रार करायची असेल तर ती घेणारं कुणी नाही. मॅनेजरना सांगशील का?

कडक_भाकरी
सांगतो. पण मीच सांगितलं तर ते म्हणतील, एवढं अचानक का रे?

बाळीवेशीचा_बंड्या
म्हण, आकड्यांवरून वाद होतात.